शून्याधारित अंदाजपत्रकाबाबत सूचना

प्रशासन विभागातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, पुढील आर्थिक वर्षासाठी गतवर्षीच्या आकड्यात दहा टक्के वाढवून केलेली मागणी स्वीकारली जाणार नाही; प्रत्येक खर्च कशासाठी, किती नगांसाठी आणि कोणत्या दराने, हे शून्यापासून मांडावे.

झेरॉक्सचेच पाहावे. भाड्याच्या तीन मशिनांवर दरमहा प्रत्येकी 6,000 प्रतींचे किमान बिल, म्हणजे 18,000 प्रतींचे पैसे आपण भरतो, आणि मीटरच्या नोंदीनुसार प्रती निघतात जेमतेम 7,000. एकच मशीन ठेवून वरच्या 1,000 प्रतींचे जादा पैसे दिले तरी ते स्वस्त पडते. मात्र ते बंद पडल्यास काम कोठे होईल, हेही लिहावे.

मुदतीपूर्वी मोडता न येणारे करार अंतिम तारखेसह वेगळे दाखवावेत. प्रस्ताव 15 जानेवारीपर्यंत द्यावेत.