तिसऱ्या उकळल्या तरी विष उरतं : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी तिसऱ्या शिजवताना एकच नियम पाळतात : उकळल्यावर जी उघडली नाही ती फेकायची. मेलेली, सडकी तिसरी त्यानं ओळखता येत असेल. पण हे पत्र ज्या विषाबद्दल आहे ते उघडलेल्या, ताज्या, गोड लागणाऱ्या तिसरीतही असू शकतं.

पाण्यात काही जातींच्या सूक्ष्म शैवालांची अचानक वाढ झाली की तिसऱ्यांसारखे शिंपले ती गाळून खातात. शैवालातलं सॅक्सिटॉक्सिन हे विष त्यांच्या मांसात साठतं, आणि शिंपल्याला स्वतःला फारसं काही होत नाही. हा जंतू नव्हे की उकळून मरेल. हा एक छोटा, चिवट रेणू आहे. शंभर अंशांच्या उकळीत तो मोडत नाही. आंबट रशात तर तो जास्तच टिकतो, म्हणजे आपलं कोकमही इथं कामाचं नाही. पाण्यात विरघळत असल्यामुळे थोडं विष मांसातून रशात उतरतं, आणि रस्सा तर आपण भाताबरोबर शेवटपर्यंत ओरपतो.

1987 साली ग्वाटेमालातल्या चांपेरिको या किनाऱ्यावरच्या गावात नेमकं हेच झालं. लोकांनी शिंपल्यांचं सूप केलं, म्हणजे व्यवस्थित उकळलेलं. 187 जणांना बाधा झाली, 26 दगावले, आणि लहान मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. हे फार दूरचं वाटत असेल तर मंगळुरूच्या दक्षिणेला असलेली कुंबळे खाडी पाहा. तिथल्या शिंपल्यांत हे विष 1983 मध्ये सापडलं होतं.

लक्षणं पोटापासून सुरू होतीलच असं नाही, म्हणून डॉक्टरही चकतात. जेवणानंतर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत ओठ आणि जिभेला मुंग्या येतात. मग त्या चेहऱ्यावर, मानेवर, बोटांच्या टोकांपर्यंत पसरतात. अंग हलकं, तरंगल्यासारखं वाटतं. बोलताना जीभ अडखळते, चालताना तोल जातो. विष नसांमधला सोडियमचा मार्ग बंद करतं. त्यामुळे नसांमधून जाणारा संदेश छातीच्या स्नायूंपर्यंत पोचेनासा झाला की श्वास थांबतो, आणि माणूस बहुधा शुद्धीवर असतो. यावर उतारा नाही. पण कृत्रिम श्वासावर पहिला दिवस निभावला तर रुग्ण सहसा वाचतो.

म्हणून दोन गोष्टी मागते. किलोमागे 800 मायक्रोग्रॅमची जी मर्यादा जगभर वापरली जाते, तिच्या आधारे शिंपल्यांच्या खाड्यांची ठरावीक दिवसांनी तपासणी व्हावी. शैवाल वाढून पाणी लाल दिसण्याची वाट पाहू नये, कारण विष असूनही पाणी स्वच्छ दिसू शकतं. आणि किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘ओठांना मुंग्या, नुकत्याच खाल्लेल्या तिसऱ्या’ या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की रुग्णाला व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात लगेच हलवायचं आणि उरलेलं कालवण तपासणीला राखून ठेवायचं, असं लेखी कळवावं.

आपली,
रत्नागिरीतली एक तिसऱ्या खाणारी