मंत्रिमहोदय, पहिला अंदाज चुकला तर फोन गप्पच राहतो

माननीय आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
स.न.वि.वि.

मोबाइलवर भूकंपाची पूर्वसूचना देणारी व्यवस्था आणताना ‘काही सेकंदांत इशारा’ असे सांगितले जाते. या सेकंदांचा हिशेब आधी मांडतो.

स्थिर पडलेल्या फोनमधला त्वरणमापक (स्क्रीन आडवी करणारा तोच) आधी येणाऱ्या प्राथमिक लहरींचा हलका धक्का टिपतो. एका फोनवर कोण विश्वास ठेवणार? टेबलाला धक्का लागला तरी तो हलतो. म्हणून एकाच भागातले अनेक फोन एकदम हलले, तरच सर्व्हर त्याला भूकंप मानतो. प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतात, घरे पाडणाऱ्या दुय्यम लहरी साधारण साडेतीन. धक्का ओळखून इशारा पोचायला ८ सेकंद लागले असे धरू. शंभर किलोमीटरवरच्या माणसाला वीसेक सेकंद मिळतात. वीस किलोमीटरवर मात्र हादरा सहाव्या सेकंदालाच येऊन जातो. सर्वाधिक नुकसान होणाऱ्या पट्ट्यात इशारा उशिरा येतो, हे जाहिरातीत कुठे दिसत नाही.

पण माझी खरी काळजी दुसरी आहे. ६ फेब्रुवारी २०२३ला पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. फोनवरूनच भूकंप ओळखणाऱ्या गुगलच्या यंत्रणेला तो कळला, पण तिने तीव्रता ४.५ ते ४.९ धरली. यात नवल नाही: भूभ्रंश एक मिनिटाहून अधिक काळ फाटतच होता, आणि अंदाज पहिल्या काही सेकंदांवर बांधलेला. परिणाम असा की ‘सायलेंट’ मोडलाही न जुमानता कर्कश वाजणारा इशारा फक्त ४६९ वेळा गेला. सुमारे पाच लाख जणांना सौम्य सूचना मिळाली, आणि ती फोन गप्प ठेवून झोपलेल्याला उठवत नाही. पुढे गुगलच्याच संशोधकांनी सुधारित गणिताने तोच भूकंप पुन्हा चालवून पाहिला, तेव्हा कर्कश इशारे निघाले सुमारे एक कोटी. हा तपशील जाहीर व्हायला २०२५ उजाडले.

कर्कश इशाऱ्याचा उंबरठा सरसकट खाली आणा, असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये ब्राझीलमध्ये न झालेल्या भूकंपाने लोकांना रात्री जागे केले. असे दोनदा झाले की लोक इशाराच बंद करून टाकतात.

म्हणून कोणत्याही कंपनीशी करार करताना एक अट घाला. प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर महिन्याभरात तिने हे जाहीर करावे: पहिला अंदाज किती होता, तो कितव्या सेकंदाला बदलला, कर्कश इशारे किती गेले आणि त्यांतले हादऱ्याआधी किती पोचले. या नोंदी द्यायला वेगळा खर्च येतो अशी सबब कुणी सांगितली, तर ती मान्य करू नये.

आपला,
भूकंपनोंदी वाचण्यात उमेद घालवलेला एक नागरिक