टपाल खात्याच्या कपाटात राहिलेलं भाऊबीजेचं आमंत्रण

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातला निवृत्त पोस्टमास्तर. गेल्या महिन्यात एका टपाल कार्यालयातून बोलावणं आलं. सॉर्टिंगच्या खोलीतलं जुनं लाकडी कपाट हलवताना सुतळीनं बांधलेला गठ्ठा निघाला होता. चौदा पत्रं, आणि वर चिठ्ठी : 'मोडी. वाचून घेणे.' मोडी मी आजोबांकडून शिकलो, जमिनीच्या कागदांवरून.

एकाही तिकिटावर शिक्का नव्हता. म्हणजे पत्रं पेटीतून निघाली, पण पत्ता वाचता न आल्यामुळे शिक्का मारण्याआधीच बाजूला राहिली. बंद पाकिटांचे मी फक्त पत्ते वाचले. ती उघडायचा अधिकार मला नाही. पोस्टकार्ड मात्र एकच होतं, आणि ते उघडंच.

शाई तांबूस पडलेली. कार्ड खिडकीपाशी तिरकं धरलं तेव्हा अक्षरं उठून दिसली. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. 'मुपोमुरगुडताकागल' एवढी सलग ओळ. ती तोडली तेव्हा कळलं : मु. पो. मुरगूड, ता. कागल. तारीख शके 1875, आश्विन. त्यात 78 मिळवले की 1953. छापील किंमत पैमध्ये होती, तेही जुळलं, कारण नवे पैसे 1957 साली आले.

मजकूर भावाचा, बहिणीला. आई थकली आहे, भाऊबीजेला ये, असं लिहून पुढे 'मुलांसघेऊनकोल्हापुरासये'. मी आधी 'मुलांस घेऊ नको' असं वाचलं आणि हात थांबला. आजारी आईकडे नातवंडं आणू नको म्हणणारा हा कसला भाऊ? पण मग 'ल्हापुरास' उरत होतं, त्याला काही अर्थ नव्हता. पुन्हा पहिल्यापासून वाचलं : 'मुलांस घेऊन कोल्हापुरास ये.'

साहेब, त्या दिवाळीला बहिणीनं भावाची वाट पाहिली असेल, भावानं तिची. दोघांनाही वाटलं असेल की समोरच्यानंच अबोला धरला. त्या कार्डाजवळ मी बराच वेळ बसून होतो.

आता हा गठ्ठा आर.एल.ओ. म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसकडे जाईल. वाटप न झालेलं टपाल तिथेच उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधतात. पण तिथेही मोडी वाचणारं माणूस नसेल, तर ही पत्रं पुन्हा एखाद्या कपाटात जातील, नाहीतर रद्दीत. म्हणून विनंती, गठ्ठा पाठवण्याआधी चौदाही पत्ते देवनागरीत लिहून सोबत जोडू द्यावेत. मी ते विनामूल्य करीन. पाकिटं तिथे उघडली जातील तेव्हा मोडी जाणणारा माणूस हजर असावा. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडीचे दप्तर आहे, तिथे विचारता येईल.

पोस्टकार्डापुरती मात्र वेगळी परवानगी द्या. मुरगूडच्या पोस्टमनला एकदा ते घेऊन त्या घरी जाऊ द्या. घरात बहिणीची मुलं असतील तर आता सत्तरीच्या पुढची असतील. 'मुलांस' म्हणजे तीच.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमास्तर, कोल्हापूर