वृंदावनापाशी दिवा

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

आई, तुला न विचारता मी एक गोष्ट करून बसले आहे. शेजारच्या बायोला मी सविस्तर पत्र लिहिले आणि या पावसाळ्यापुरता वृंदावनापाशी रोजचा दिवा तिने लावावा, अशी विनंती केली. ती हो म्हणाली आहे. गेल्या आषाढात तू अंगणाच्या पायरीवर घसरलीस तेव्हा बाबांनी फोनवर "थोडेसे खरचटले" एवढेच सांगितले, आणि मनगटाच्या प्लास्टरची गोष्ट मला तीन आठवड्यांनी कळली. तेव्हापासून इथे म्यूनिकमध्ये दुपारचे साडेतीन वाजले की माझे कामावरचे लक्ष उडते, कारण आपल्याकडे त्या वेळी सात वाजलेले असतात.

तुझा दिवा काढून घेते आहे, असे मात्र समजू नकोस. वाती तूच वळायच्या, ज्योतही तूच घरात पेटवायची. बायो फक्त ओले अंगण ओलांडेल. तू शेवाळावरून घसरलीस हे खरे, पण पायरीवर खोबरेलाचे थेंबही होते. म्हणून मी तिला लिहिले की पणती अर्धीच भरून घरातूनच न्यावी आणि तेलाची बाटली बाहेर नेऊ नये. पणती वृंदावनाच्या कोनाड्यातच ठेवावी. तुळशीच्या मुळाशी ठेवल्यास धगीने खालची पाने करपतात आणि सांडलेले तेल मातीत मुरते. वातीचे टोक तांदळाच्या दाण्याएवढेच बाहेर असावे, नाहीतर ज्योत धुरकटते आणि कोनाडा काजळतो. वात तडतडू लागली तर तिला ओल लागली आहे असे ओळखावे. तुझ्या वाती त्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेव, पत्र्याच्या फडताळात नको.

हे शहाणपण मला इथे चुका करूनच आले. पहिल्या हिवाळ्यात खोबरेल मेणासारखे थिजले. वात पेटे, पण तेल वर न चढल्यामुळे ती स्वतःच जळून काळी होई. आता बाटली कोमट पाण्यात ठेवते आणि निम्मे तिळाचे तेल घालते. तुळशीला थंडी सोसत नाही, म्हणून कुंडी खिडकीच्या आत आहे. सूर्य डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत मावळतो आणि जूनमध्ये नऊनंतर, त्यामुळे मी घड्याळातल्या सातलाच दिवा लावते. बाबा रागावतील, पण "शुभं करोति" मी अजूनही तुझ्याच चालीत म्हणते, आणि आई, "शत्रुबुद्धि"पाशी अजूनही अडखळते.

बाबा, पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून कामवाल्याकडून घासून घ्या, स्वतः वाकू नका. सोप्यावरचा दिवा सहा वाजताच लावा. आई, रबरी तळव्याची चप्पल पेटीत जपून ठेवण्यासाठी पाठवलेली नाही. व्हडल्या दिवाळीला, तुळशीच्या लग्नाला, मी येते आहे. तोवर अंगण सुकलेले असेल, तेव्हा पणती तुझ्या हातात देईन आणि दुसरा हात मी धरीन.

तुमची,
लाडकी