बारा वाजताची पूजा

पुणे,
कोजागिरीची दुसरी सकाळ

ती. आई आणि ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "पूजा वेळेवर झाली ना?" मी नुसतं "हो" म्हणाले. तेवढ्यानं तुमचं समाधान व्हायचं नाही हे ठाऊक आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

पूजा बाराच्या ठोक्याला सुरू केली. आमच्या सोसायटीचा कार्यक्रम आठलाच सुरू होतो. खाली पार्किंगमध्ये भेळ, बटाटेवडे, मुलांची नाचगाणी, आणि दहाच्या सुमारास दुधाचे पेले वाटून सगळे आपापल्या घरी. आम्ही तिथेही गेलो, शेजारपाजार हवाच. पण तुम्ही लहानपणापासून सांगत आलात की कोजागिरीची पूजा निशीथकाळी करायची. रात्रीचे पंधरा भाग केले की मधला आठवा भाग तो निशीथ. पुण्यात सध्या सूर्यास्त सव्वासहाच्या आगेमागे होतो, म्हणजे हा काळ साधारण बारा ते पाऊण. "को जागर्ति" म्हणत लक्ष्मी फिरते ती या वेळी, आणि तिच्यासाठी जागायचं तर दहाला दिवे मालवून कसं चालेल?

समोरच्या काकूंचा दर वर्षी याच्यावरूनच गोंधळ होतो. दिनदर्शिकेत एका दिवशी कोजागिरी दिसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पौर्णिमा. त्यांना मी २०२४ सालचं उदाहरण दिलं. तेव्हा पौर्णिमा १६ ऑक्टोबरला रात्री साडेआठनंतर लागली आणि १७ ला संध्याकाळी पाचच्या आत संपली. सूर्योदयाला पौर्णिमा होती ती १७ ला, म्हणून स्नानदान त्या दिवशी. पण मध्यरात्री पौर्णिमा मिळाली ती १६ लाच, म्हणून कोजागिरी १६ ला. १७ च्या रात्री दूध ठेवलं असतं तर चंद्र तेवढाच गोल दिसला असता, पण तिथी प्रतिपदा असती. हे कळल्यावर काकू म्हणाल्या, मग यंदा मीही बारापर्यंत जागते. आणि खरोखरच जागल्या.

मांडणी तुम्ही करता तशीच केली. चौरंगावर तांदळाची रास, त्यावर कलश, शेजारी आईनं लग्नात दिलेली चांदीची लक्ष्मी, आणि इंद्रासाठी सुपारी. इथे बहुतेक घरांत इंद्राचं कुणाला काहीच माहीत नाही. मुलांनीही विचारलं की लक्ष्मीच्या पूजेत इंद्र कशाला. त्यांना सांगितलं की या व्रतात ऐरावतावर बसलेल्या इंद्राची पूजा लक्ष्मीबरोबरच सांगितली आहे. पावसाचा देव तो, आणि पाऊस नुकताच संपून शेतात भात पिकलेलं असतं, तर त्याला सोडून कसं चालेल? हा शेवटचा भाग माझा, पोथीतला नव्हे, पण बाबा, मला तो पटतो.

नैवेद्याला पोहे आणि नारळाचं पाणी. दुधाच्या कौतुकात हे मागे पडत चाललंय याचं मला मनापासून वाईट वाटतं. व्रतात सांगितलेला नैवेद्य हाच आहे, पोहे आणि नारळपाणी. तो देवांना आणि पितरांना अर्पण करायचा आणि मग आपण घ्यायचा. म्हणून आई तुझ्या पद्धतीनं पोहे केले. पातळ पोहे चाळून, निवडून घेतले, नारळ फोडून पाणी वाटीत धरलं, अर्धं पाणी देवापुढे ठेवलं आणि अर्धं पोह्यांवर शिंपडलं. वर ओलं खोबरं, थोडा बारीक चिरलेला गूळ, वेलची. ताट झाकून दहा मिनिटं दडपून ठेवलं. पाणी एकदम ओतलं तर पोह्यांचा लगदा होतो, हातानं शिंपडत गेलं की प्रत्येक पोहा मऊ होतो आणि तरी सुटा राहतो. कांदा-मिरची-लिंबाचे दडपे पोहे वेगळे केले, ते आमच्या रात्रीच्या खाण्यासाठी.

आता दूध. आई, यंदा मी तीन लिटर म्हशीचं दूध घेतलं, काकूंचं घर धरून. जाड बुडाचं पातेलं पाण्यानं विसळून, तसंच ओलं ठेवून दूध ओतलं, म्हणजे खाली धरत नाही. एक उकळी आल्यावर आच मंद केली आणि पाऊण तास आटवलं, सव्वादोन लिटरच्या आसपास राहीपर्यंत. पातेल्याच्या कडेला जी साय चिकटते ती उलथन्यानं खरवडून परत दुधात ढकलत राहायचं; दाटपणाही तिथूनच येतो आणि चवही. साखर शेवटी घातली, वाटीभर. आधी घातली की दूध आटताना बुडाला लवकर लागतं, आणि एकदा करपल्याचा वास आला की केशर घालूनही तो जात नाही.

मसाला निम्मा भरड कुटला आणि निम्मे काप ठेवले. सगळाच बारीक केला तर पेल्याच्या तळाशी गाळ बसतो. तीस-पस्तीस बदाम, तेवढेच पिस्ते, दहा-बारा वेलदोडे, दोन चमचे चारोळी आणि अर्धं जायफळ किसून. जायफळ याहून जास्त नको, दूध कडसर लागतं. चारोळी रविवार पेठेतून आणली, पण घेण्याआधी चार दाणे तोंडात टाकून बघितले, तूच शिकवलेलं. चारोळीत तेल असतं, जुनी झाली की खवट होते, आणि मूठभर खवट चारोळी तीन लिटर दुधाची चव घालवते. नुसतं बघून ते कळत नाही, चावूनच कळतं. केशर गरम दुधाच्या वाटीत अर्धा तास भिजवून शेवटी घातलं.

बाबा, साखर घालण्याआधी दोन पेले दूध बाजूला काढून ठेवलं होतं. ते तुमचं म्हणून. तुम्ही इथे नव्हतात, पण डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून माझा हात तसाच जातो. आई, तिकडेही असंच कर. बाबांना बिनसाखरेचं, वेलची-केशर घालून अर्धा पेला दे. बदाम नसला तरी आटवलेलं दूध रात्री जडच, आणि "प्रसाद आहे" म्हणून ते दुसरा पेला मागतील, तो देऊ नकोस.

अकराला पातेलं गच्चीवर नेलं. आमची गॅलरी पूर्वेला आहे, तिथून संध्याकाळी चंद्र उगवताना दिसतो, पण मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि गॅलरीतून दिसतच नाही. म्हणून गच्चीच हवी. वॉचमनकाकांना सांगून गच्चीवरचा दिवा बंद करून घेतला. दिव्याला किडे येतात आणि ते थेट दुधात पडतात, शिवाय त्या उजेडात चांदणं दिसत नाही. पातेल्याऐवजी दूध पसरट परातीत ओतलं आणि वर पातळ मलमलचं फडकं बांधलं.

पूजा आटोपून फडकं काढलं तेव्हा वर साय आलेली होती. मुलं वाकून बघत होती, चंद्र काही दिसेना. साय सुरकुतलेली असते, तिच्यावर प्रतिबिंब मोडतं. मी पळीनं साय अलगद एका बाजूला ओढली, दूध दोन मिनिटं हलू दिलं नाही, आणि बरोबर मधोमध बटणाएवढा चंद्र उतरला. पाण्यातल्यासारखा लख्ख नव्हे, थोडा धूसर, कडेला पिवळसर. अगदी वरून डोकावलं तर आपलंच डोकं आड येतं, म्हणून एका अंगाला वाकून बघावं लागतं. धाकटी बराच वेळ तशीच वाकून बसली होती. मग चंद्राला नैवेद्य दाखवला, खाली येऊन लक्ष्मीला दाखवला, आणि लगेच प्यायलो. दूध कोमट होऊन जास्त वेळ उघड्यावर राहू देत नाही मी, तास-दीड तास पुरे. रात्रभर ठेवून सकाळी प्यायचं म्हणणारेही आहेत, पण पुण्यात ऑक्टोबरच्या रात्री तेवढ्या थंड नसतात, दूध नासायची भीती असते.

नंतर जागरण. व्रतात फासे खेळायला सांगितलंय, तर माळ्यावरचा सारीपाट काढला. काकू मूळच्या अकोल्याच्या. त्यांच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून बसवलेल्या भुलाबाईचा काल शेवटचा दिवस होता. त्यांनी खेळता खेळता भुलाबाईची गाणी म्हटली, आम्हाला त्यातली एकही येत नव्हती, पण मुलींनी दोन पाठ केली. दोनच्या सुमारास आवरलं.

आणि हो, पहिल्या अपत्याला ओवाळायची आश्विनी. संध्याकाळीच थोरल्याला पाटावर बसवून ओवाळलं, नवा शर्ट दिला. ओवाळताना सारखं वाटत होतं की माझं ताट तिकडे तुझ्या हातात असायला हवं. मी तुमचं पहिलं अपत्य, आई, आणि लग्नानंतरही तू कधी ते ओवाळणं चुकवलं नाहीस. यंदा गुडघ्यांमुळे प्रवास झेपणार नाही हे तूच सांगितलंस आणि मी काही बोलले नाही. पण रात्री फोनवर तू निरांजन कॅमेऱ्यासमोर फिरवलंस, बाबांनी मागून "जरा वर धर, दिसत नाहीये" म्हटलं, तेव्हा मी पाटावरच बसले होते. उठवेना मला.

भाऊ दिवाळीला इकडे येतोय, त्याच्याबरोबर थोड्या गोष्टी पाठवा. घरच्या भाताचे पातळ पोहे, दोन नारळ, आणि शेतातल्या नव्या लोंब्यांची एक जुडी, दारावर बांधायला. इथे मंडईत मिळतात, पण आपल्या शेतातल्या हव्यात. बाबा, लोंब्या काढायला तुम्ही बांधावर जाऊ नका, गड्याला सांगा. मी चारोळी आणि केशर पाठवतेय, केशराची डबी फ्रिजमध्ये नको, अंधारात कोरड्या जागी ठेवा.

तुमची,
मोठी