बाण गाळले, उत्तर मात्र तेच ठेवले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या सराव पानावरचा बलांचा प्रश्न आणि आज छापलेले त्याचे उत्तर, दोन्ही वाचून हे पत्र लिहीत आहे. ‘एका वस्तूवर 8 N आणि 6 N अशी दोन बले लावली आहेत, तर परिणामी बल किती?’ सोबत आकृती नाही, उत्तर 10 N. माझ्या मुलीने वहीत लिहिले होते, ‘2 ते 14 मधले काहीही.’ आज उत्तर पाहून तिने ते खोडले आणि ‘माझंच चुकलं’ म्हणाली. तिचे काहीही चुकलेले नाही! दोन्ही बले एकाच दिशेला असतील तर 14, समोरासमोर असतील तर 2, काटकोनात असतील तरच 10. त्यांच्यात 60° चा कोन असेल तर साधारण 12.2. मूळ आकृतीत काटकोनाची खूण असणार. टंकताना बाण गळाले, उत्तर तेवढे जसेच्या तसे राहिले.

त्याखालच्या प्रश्नात निदान कोन तरी आहे. 10 N आणि 10 N, कोन 60°, उत्तर पुन्हा 10 N. मुलीने सूत्रात घालून 17.3 काढले, तीनदा तपासले. शेवटी मी कागदावर बाण काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. दोन्ही बाणांची शेपटे एका बिंदूवर ठेवली, तर त्यांच्यातला 60° म्हणजे बलांमधला कोन, आणि उत्तर 17.3 च येते. पण एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याचे शेपूट जोडून त्रिकोण केला असेल, तर आतला कोन 60° आणि बलांमधला खरा कोन 120°. त्रिकोण समभुज होतो, म्हणून 10. कोनाचा आकडा एकच, उत्तरे दोन. कोणते बरोबर हे फक्त आकृती सांगत होती.

आकृतीला जागा नसेल तर निदान एक ओळ तरी द्या. ‘8 N पूर्वेकडे, 6 N उत्तरेकडे’ एवढे पुरते. दुसऱ्या प्रश्नात ‘दोन्ही बले एकाच बिंदूपासून बाहेरच्या दिशेने, त्यांच्यातला कोन 120°’ असे हवे. छापण्याआधी कोणी तरी नुसता मजकूर वाचून बाण काढून पाहावेत. दोन वेगळ्या आकृत्या निघाल्या, तर प्रश्न अपुरा आहे.

आणखी एक. परिणामी बलाचे उत्तर नुसते ‘10 N’ असे छापू नका, दिशाही द्या: पूर्वेकडून उत्तरेकडे सुमारे 37°. दिशा न लिहिल्याबद्दल मुलांचे गुण कापले जातात आणि तुमच्या उत्तरांत ती कधीच नसते.

दोन्ही प्रश्नांची दुरुस्ती उद्याच्या अंकात, त्याच पानावर छापावी. मुलीने ते पान कापून वहीत चिकटवले आहे.

आपला,
एक पालक