खेळ रद्द केला चित्रपटगृहाने, फी गेली प्रेक्षकाची

प्रति,
संपादक,

महोदय,

नागपुरातल्या एका मल्टिप्लेक्सच्या रविवार संध्याकाळच्या खेळाची चार तिकिटे आम्ही मोबाईलवरून काढली होती. तिकीट 250 रुपयांचे, म्हणजे हजार रुपये. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर तिकिटामागे 30 रुपये कन्व्हिनियन्स फी लागली. तिचे 120 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 21 रुपये 60 पैसे धरून यूपीआयने 1,141 रुपये 60 पैसे गेले. खेळाला निघायच्या सुमारास 'तांत्रिक कारणामुळे खेळ रद्द' असा संदेश आला. पुढे खात्यात परत आले ते बरोबर हजार रुपये. बाकीच्या 141 रुपये 60 पैशांचे काय, असे विचारले तेव्हा ग्राहक सेवेकडून एका ओळीचे उत्तर मिळाले: कन्व्हिनियन्स फी परत होत नाही, शर्तींमध्ये तसे लिहिले आहे.

शर्तींमध्ये तसे लिहिलेले आहे, हे खरेच आहे. पण त्या एका शर्तीखाली दोन वेगळ्या गोष्टी बेमालूम एकत्र केल्या आहेत. माझा बेत बदलला, मी तिकीट रद्द केले आणि फी गेली, तर माझी तक्रार नाही. इथे मात्र आम्ही काहीच रद्द केले नाही. आम्ही तयार होऊन बसलो होतो, खेळच झाला नाही.

तिकीट विकणाऱ्या कंपनीचा युक्तिवाद असा असतो की तिकीट काढून देणे एवढेच तिचे काम, आणि ते पैसे भरले त्या क्षणी पूर्ण झाले. खेळ दाखवणे ही चित्रपटगृहाची जबाबदारी. ऐकायला हे ठीक वाटते. पण फी कशाची घेतली? ठरावीक दिवशी, ठरावीक खेळाला, ठरावीक खुर्ची राखून ठेवण्याची. तो खेळच नसेल तर राखून काय ठेवले? शिवाय कंपनीचा आणि चित्रपटगृहाचा आपसांत करार असतो. चूक चित्रपटगृहाची असेल तर कंपनीने ते पैसे तिथून वसूल करावेत. त्या दोघांतला करार ग्राहकाच्या कधी डोळ्यांसही पडत नाही; त्यातला तोटा मात्र त्याच्या माथी.

दुसरा मुद्दा पैसे वळते करण्याच्या खर्चाचा. कार्डाने पैसे भरले तर दुकानदाराकडून बँक एमडीआर नावाचे शुल्क घेते, आणि व्यवहार उलटला तरी ते कंपनीला परत मिळत नसेल, हे समजू शकते. पण यूपीआयवर आणि रूपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे. यूपीआयने पैसे भरणाऱ्यालाही हेच कारण सांगितले जाते, तेव्हा ते पटत नाही.

जीएसटीचे 21 रुपये 60 पैसे तर मला सर्वांत जास्त खटकतात. कर सरकारजमा झाला, आता आमच्या हातात नाही, असे सांगतात. जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये यासाठीच क्रेडिट नोटची सोय आहे. सेवा देता आली नाही तर विक्रेता क्रेडिट नोट काढतो आणि आपल्या देय करातून तेवढी रक्कम कमी करून घेतो. फी परत केली तर कर अडकत नाही. तो अडकतो तो फी परत करायची नसते म्हणून.

आता कायदा. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऑनलाइन तिकिटावर अशी फी घेण्यास मनाई करणारे राज्य सरकारचे 2013 आणि 2014 चे आदेश रद्द केले. त्यामुळे फी घेणेच बेकायदा आहे, असे आता म्हणता येणार नाही, आणि माझेही तसे म्हणणे नाही. पण फी घेण्याचा हक्क वेगळा आणि सेवा न मिळाल्यावर ती ठेवून घेण्याचा हक्क वेगळा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष सेवेचा मोबदला पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही त्यातली एक प्रथा आहे. पावतीवर मुदत घालता येते. परतावाच देणार नाही अशी ओळ घातली की सुटका, असा अर्थ मला तरी त्यात दिसत नाही.

मग ग्राहक आयोगात का जात नाही, असे कोणी विचारील. जाता येते. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, कंपनीचे कार्यालय कुठल्याही शहरात असो, ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार चालते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण 141 रुपयांसाठी तारखांना कोण हजर राहणार? कामावरची एक सुट्टी त्याहून महाग पडते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवावी, कधी कधी कंपनी तेवढ्याने नमते. पण हेल्पलाइन फक्त मध्यस्थी करते, तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. एकेकट्या ग्राहकाची रक्कम इतकी लहान असते की कंपनीला घाबरण्याचे कारण उरत नाही. समजा रद्द झालेल्या खेळाची 80 तिकिटे ऑनलाइन गेली होती. करासह 2,832 रुपये झाले, आणि तेही न झालेल्या एका खेळाचे.

म्हणूनच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 17 कडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या प्रथेने ग्राहकांच्या एका संपूर्ण वर्गाचे नुकसान होते, तिची तक्रार लेखी किंवा ऑनलाइन जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि कलम 16 नुसार जिल्हाधिकारी तिची चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. अनुचित प्रथा बंद करण्याचा आदेश प्राधिकरण सर्व ग्राहकांसाठी एकदम देऊ शकते. तिथे प्रत्येकाने तारखेला उभे राहण्याची गरज नाही. रेशीमबागेपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत आपल्या शहरात नाटके, गाण्याच्या मैफली, हास्यकार्यक्रम यांची तिकिटेही आता मोबाईलवरच निघतात, आणि कार्यक्रम पुढे ढकलला किंवा रद्द झाला की हाच हिशेब तिथेही लागू शकतो.

असे ज्यांच्या बाबतीत घडले असेल त्यांनी तीन गोष्टी जपून ठेवाव्यात: फी वेगळी दाखवणारी पावती, खेळ रद्द झाल्याचा संदेश आणि परत आलेली रक्कम दाखवणारा बँकेचा उतारा. रद्द झालेला खेळ अ‍ॅपवरून लगेच दिसेनासा होतो, त्यामुळे संदेशाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढलेला बरा. खेळ कोणी रद्द केला हे दाखवणारा पुरावा बहुधा तेवढाच असतो.

या तीन कागदांसह माझा अर्ज मी नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवत आहे. खेळ किंवा कार्यक्रम आयोजकाकडून रद्द झाल्यास कन्व्हिनियन्स फी आणि तिच्यावरचा कर तिकिटाच्या रकमेबरोबरच, ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत व्हावा, एवढीच त्यात मागणी आहे. इतर वाचकांनीही आपापले अर्ज तिथे द्यावेत, अशी विनंती.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर